टेबल नंबर तीन, शेवटची फेरी

पंचवटीतलं मंगल कार्यालय. मे महिना.
पंखे गरगरतात, घाम आहे तिथेच आहे.
बुद्धिबळाचे बाकीचे डाव आटोपले, पोरं बाहेर
उसाच्या रसाचे पेले धरून गुणांची बेरीज करतात,
ग्रँडमास्टर विदितच्या गावची पोरं ही,
दर दोन वाक्यांत त्याचं नाव.
आत उरलंय टेबल नंबर तीन
आणि चावीच्या घड्याळाची टिक टिक.

डिजिटल घड्याळं कमी पडली म्हणून
कपाटातली ही लाकडी पेटी काढली.
बरं झालं.
डिजिटलवर आकडे गुपचूप घटतात,
हिच्यात प्रत्येक सेकंद ऐकू येऊन जातो.
तोंडं दोन. एक चालतं तेव्हा दुसरं गप्प.
सहाला संपेल असं लावायचं, रिवाजच आहे,
बाहेर दुपार असो की सकाळ,
दोघांचेही सहाच वाजायचे.

पांढरी घेऊन काका,
नोटप्रेसमधून निवृत्त, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर.
काळी घेऊन निफाडची पोर,
सातवीतली, पाय अजून जमिनीला टेकत नाहीत.
घड्याळात दोघांचीही पाच मिनिटांहून कमी उरली,
दोघांनी पेनं खाली ठेवली.
आता त्यांच्या चाली मी लिहायच्या.
पंचाचं काम एवढंच:
लिहायचं, बघायचं,
आणि तोंड उघडायचं नाही.

पटावर फार काही नाही.
दोन राजे, दोन हत्ती, काकांचं एक प्यादं.
पोरीचा राजा प्याद्याच्या वाटेवर ठाण मांडून,
हत्ती तिच्या बाजूनं तिसऱ्या ओळीत,
पांढऱ्या राजाला पुढं येऊ न देणारा.
फ्रेंच खेळाडू फिलिडोरनं १७७७ साली दाखवलेली ही वाट:
प्यादं त्या ओळीत पाऊल टाकेपर्यंत
हत्तीनं ती सोडायची नाही;
टाकलं, की लगेच थेट पार मागं जायचं,
आणि पाठीमागून शह, शह, शह.
घरी, पंख्याखाली, पुस्तक उघडं ठेवून
हे कुणालाही जमतं.
इथं काट्यानं फ्लॅग उचलायला घेतलाय.

लाल फ्लॅग.
नखाएवढा पत्रा.
मिनिटकाट्याच्या टोकावर बसून
हळूहळू आडवा होत जातो.
काकांचा जवळजवळ आडवा,
पोरीचा त्याच्याहून थोडा कमी.
टिक टिक
टिक टिक
काका हत्ती सरकवतात, खटका दाबतात.
पोर हत्ती सरकवते, त्याच ओळीत, खटका दाबते.
ज्या हातानं चाल त्याच हातानं घड्याळ,
हे तिला कुणी सांगावं लागत नाही.
डावा हात तिनं मांडीखाली दाबून ठेवलाय.

लंडनच्या स्पर्धेत १८८३ साली
दोन तोंडांचं घड्याळ पहिल्यांदा आलं.
फार पूर्वी तर विचार करत बसायला बंधनच नव्हतं म्हणतात,
समोरचा कंटाळेपर्यंत बसावं.
मला नाही पटत तसला खेळ.
डोक्यातलं हातात उतरलंय की नाही
ते याच मिनिटांत कळतं.
म्हणून ही मिनिटं मला जिवापाड आवडतात,
म्हणून तर मे महिन्यात, असल्या उकाड्यात,
मी इथं उभी असते.

काका थांबले.
टिक टिक टिक टिक
प्यादं उचललं.
ई सहा.
खट्.

पोरीनं पापणीही हलवली नाही.
हत्ती बी एक.
खट्.
राजा डी सहा.
हत्ती डी एक, शह.
राजा ई पाच.
हत्ती ई एक, शह.
राजा एफ सहा.
हत्ती एफ एक, शह.
माझं पेन मागं पडतंय,
अक्षर माझं मलाच लागेना,
खट् खट् खट् खट्,
आणि त्या दोन खट्‌च्या मधे
टिक.

काकांच्या राजाला लपायला आडोसा नाही.
प्याद्यापासून दूर जावं तर प्यादं जातं,
जवळ राहावं तर शह संपत नाहीत.
पट म्हणतो बरोबरी.
काकांना दिसतंय, पोरीला दिसतंय, मला दिसतंय.
हात राजावर गेला,
राजा उचलला,
राजा हवेत,

आणि फ्लॅग पडला.

एवढासा आवाज.
पोरीचे डोळे पटावर, तिनं पाहिलंच नाही.
काकांना ऐकू आलं. मलाही.
"वेळ संपली," मी म्हटलं,
आणि हात पुढं करून
घड्याळ थांबवलं.
हत्ती आहे तिच्याकडे, मात होऊ शकते,
तेव्हा नियमानं डाव काळ्याचा.
लिहिलं: शून्य, एक.

पोर माझ्याकडं बघते, मग काकांकडं.
"काका, पण हा तर बरोबरीत होता ना?"
"होता की! म्हणून तर एवढा वेळ खाल्ला मी,
काही सापडतंय का बघत होतो.
पण प्यादं टाकेपर्यंत तू हत्ती हलवलाच नाहीस गं त्या ओळीतून!
कुणी शिकवलं?"
"पप्पांनी. द्राक्षाच्या बागेत. रात्री."
"बरं, हे बघ," काकांनी प्यादं परत ई पाचवर ठेवलं,
चष्मा काढला, पुसला, घातला,
"समज, प्यादं पुढं टाकलंच नाही,
नुसता हत्ती फिरवत बसलो, तर?"
"मग मी पण फिरवणार."
"किती वेळ?"
"तुम्ही थकेपर्यंत, काका."

बाहेरून कुणीतरी ओरडलं,
बक्षीस समारंभाला सुरुवात करायची का?
मी हातानंच खूण केली, थांबा.
काकांनी हत्ती फिरवला.
पोरीनं फिरवला.