पहिल्या पुस्तकाबद्दल मनापासून अभिनंदन!

पोरी, तू इथे टाकलेलं मुखपृष्ठ पाहिलं आणि फार आनंद झाला. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांवरच्या तुझ्या या पुस्तकाची प्रूफं मी तपासली आहेत, त्यामुळे ते दुकानात येण्याआधीच वाचायला मिळालं. म्हणून चार शब्द जास्त लिहितो. नुसतं 'अभिनंदन' लिहून माझं समाधान होणार नाही.

मुंबईच्या गिरणी संपाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलंय. 18 जानेवारी 1982, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, नंतर बंद पडलेल्या गिरण्या आणि त्या जागेवरचे टॉवर. पण या माणसांना तिन्ही पाळ्यांना जेवू कोण घालत होतं, हे विचारायला तू गेलीस. लालबाग, परळ, शिवडीच्या चाळींत जाऊन खाणावळवाल्या बायकांजवळ बसलीस, तेही नोकरी सांभाळून, संध्याकाळी. त्यातल्या बऱ्याच जणी आता थकल्यात. आणखी काही वर्षं गेली असती तर हे सांगायला कोणी उरलं नसतं.

भिंतीवरच्या हिशोबाचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. लिहिता-वाचता न येणारी ती मावशी कोळशाने भिंतीवर रेघा ओढते, एका माणसाची एक ओळ. जेवला की उभी रेघ, खाडा पडला की गोल. पगार झाला, पैसे आले, की भिंत ओल्या फडक्याने पुसायची. आणि संप सुरू झाल्यावर भिंत पुसलीच जात नाही. ओळी लांबत लांबत दाराच्या चौकटीपर्यंत जातात, मग मोरीकडच्या भिंतीवर सुरू होतात. ती मात्र रोज तेवढंच पीठ मळते.

इथे वाचणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो, कारण पुस्तकात ती दिसणार नाही. पहिल्या प्रूफात या प्रसंगाखाली एक मोठा परिच्छेद होता, त्या बाईच्या मोठेपणाबद्दल. लिहिलेला चांगलाच होता. दुसऱ्या प्रूफाच्या वेळी आपल्या लेखिकेने तो अख्खा काढून टाकला. पानं लागली होती, पुढची सगळी मांडणी हलणार होती, तरी काढला. मावशीने जेवढं सांगितलं तेवढंच ठेवलं. पहिल्या पुस्तकात स्वतःच्या आवडत्या ओळींवर काट मारायला फार धीर लागतो. या कामात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकतो.

आणखी एक. घाटावरचे कामगार भाकरीसाठी अडून बसायचे आणि कोकणातल्यांना भात-कालवण लागायचं, म्हणून एकाच चुलीवर दोन स्वयंपाक, हा भाग वाचताना वास येतो अक्षरशः. सुकट भाजल्यावर शेजारच्या खोलीतून होणारी कुरकुरसुद्धा आलीय. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्याआधी या बायका सावकाराच्या व्याजात कशा अडकलेल्या असत, तेही तू नीट समजावून सांगितलंस. पण कुठेही व्याख्यान झालं नाही. शेवटचं प्रकरण थोडं घाईत संपतं असं मला वाटतं, ते तुला तेव्हाही बोललो होतो. बाकी पुस्तकाला तोड नाही.

तुझ्या आईबाबांचंही अभिनंदन. प्रूफांचे गठ्ठे स्वयंपाकघरातल्या डब्यांवर रचून ठेवलेले त्यांनी महिनोन् महिने चालवून घेतले.

इथे अभिनंदन करणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती: भेट प्रत मागू नका. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती छोटीच असते आणि नव्या लेखकाची तर फार जपून काढतात. ती संपली तरच प्रकाशक दुसऱ्या पुस्तकाचं धाडस करतो. विकत घ्या, वाचा, आणि आवडलं तर आपल्या भागातल्या वाचनालयाच्या मागणी-वहीत नाव लिहून या. गिरणगावात ज्यांचं बालपण गेलं त्यांनी तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना यातली दोन पानं मोठ्याने वाचून दाखवा.

शनिवारी दादरला प्रकाशनाला येतोच आहे. माझ्या दोन प्रती बाजूला काढून ठेव, पैसे तिथेच देईन. एक माझ्यासाठी आणि एक गावी बहिणीसाठी, तिचे यजमान बदली कामगार होते. दोन्हींवर सही हवी.

आणि पानं वाढतात म्हणून शिवडीच्या बायकांचं जे प्रकरण बाहेर ठेवलंस ते नीट जपून ठेव. ते वेगळं पुस्तक होईल एवढं आहे. दिवाळीनंतर त्याच्याबद्दल बोलू, मी तपासायला तयार आहे.

खूप खूप अभिनंदन आणि आशीर्वाद.

तुझे प्रूफवाले काका