विषय : गोठवलेल्या खात्यातील ५४,६८४ रुपये माझ्या जुन्या बँक खात्यात जमा करण्याबाबत

दि. १२ नोव्हेंबर २०२५
नाशिक

प्रति,
माननीय तक्रार निवारण अधिकारी

महोदय/महोदया,

मी मृणाल दत्तात्रय शिरसाठ, लग्नानंतरचं नाव मृणाल अभिजित गायधनी. इंदिरानगर, नाशिक इथे राहते. २०२२ पासून तुमच्या प्लॅटफॉर्मवर पॅकेजिंग आणि छपाईच्या डिझाइनची कामं करते. १४ ऑक्टोबरला माझं खातं गोठवलं गेलं, त्याला आज २९ दिवस झाले. १५ ऑक्टोबर, २४ ऑक्टोबर आणि ३ नोव्हेंबर अशी तीन सपोर्ट तिकिटं टाकली. तिन्ही इंग्रजीत होती आणि तिन्हींना शब्दही न बदलता एकच उत्तर आलं : खात्यावर असामान्य हालचाल आढळली आहे, तपासणी सुरू आहे, कृपया वाट पाहा. म्हणून हा अर्ज थेट तुमच्याकडे, आणि या वेळी मराठीत, म्हणजे निदान कुणीतरी माणूस तो वाचेल.

माझी मागणी एकच आहे. खात्याची तपासणी तुम्ही हवी तितकी करा, पण पूर्ण झालेल्या कामाचे पैसे त्या तपासणीला बांधून ठेवू नका.

अडकलेली रक्कम अशी. येवल्याच्या एका पैठणी दुकानाचा कॅटलॉग २२,००० रुपये, बेदाण्याच्या पाऊचची डिझाइनं १८,५००, एका रोपवाटिकेचं माहितीपत्रक १२,००० आणि एका हॉटेलचं मेनूकार्ड ९,५००. एकूण ६२,०००. त्यातून तुमचं दहा टक्के कमिशन ६,२०० आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी १,११६ वजा जाता माझ्या खात्यात ५४,६८४ रुपये शिल्लक दिसत होते. वर्षाची कमाई पाच लाखांच्या आत आहे आणि पॅन तुमच्याकडे पहिल्यापासून आहे, त्यामुळे कलम १९४-ओ खालच्या टीडीएसचा प्रश्न येत नाही. चारही कामं ग्राहकांनी मंजूर केली आहेत, शेवटचं २७ सप्टेंबरला. मंजुरीनंतर १४ दिवस थांबायचा तुमचा नियम ११ ऑक्टोबरला पूर्ण झाला. एकाही ग्राहकाची तक्रार नाही, कुणी पैसे परत मागितलेले नाहीत. शिवाय या चारही कामांच्या कमिशनची बिलं तुम्ही मला पाठवली आहेत. कमिशन घेण्यापुरतं काम झालं आणि माझे पैसे देण्यापुरतं झालं नाही, असं तर होऊ शकत नाही.

खातं का गोठलं हे मला कुणी सांगितलेलं नाही. पण मला दोन गोष्टी सुचतात आणि दोन्ही मी आपणहून सांगते.

पहिली नावाची. मे महिन्यात माझं लग्न झालं. आधारवर आणि नव्या बँक खात्यावर सासरचं नाव लागलं, पॅनवर मात्र अजून माहेरचंच आहे. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे, पावती जोडली आहे. १२ ऑक्टोबरला मी तुमच्याकडे नवं बँक खातं नोंदवलं आणि १३ ला लगेच पैसे काढायला टाकले. तुमच्या यंत्रणेला दिसलं असेल ते इतकंच, की शिरसाठ बाईंचे पैसे कुणा गायधनींच्या खात्यात चालले आहेत. शंका येणं रास्त आहे. मी आधी केवायसी बदलून मग बँक बदलायला हवी होती, ही माझी चूक. पण लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या कागदांवर वर्षभर तरी दोन नावं असतातच. त्यात मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं, म्हणजे तीनपैकी दोन शब्द जुळत नाहीत.

दुसरी गोष्ट वाय-फायची. आमचं घर एकत्र आहे आणि राउटर एकच. माझ्या नणंदेने सप्टेंबरअखेरीस तुमच्याकडेच डेटा एंट्रीसाठी स्वतःचं खातं उघडलं. दोघींचे लॅपटॉप वेगळे, पॅन वेगळे, बँका वेगळ्या, कामंही वेगळी. एका माणसाची दोन खाती असल्याचा संशय असेल तर तो इथून आला असावा. तिची लेखी संमती आणि दोघींच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या आहेत. व्हिडिओ कॉलवर एकत्र बसायचीही आमची तयारी आहे.

आता सोपा मार्ग. नव्या बँक खात्याची नोंद तुम्ही खुशाल काढून टाका. रक्कम माझ्या जुन्या बचत खात्यात पाठवा, ज्याचे शेवटचे चार आकडे ४४१७ आहेत. ते पॅनवरच्याच नावाने आहे, चालू आहे आणि २०२२ पासून तुम्ही त्यात ३१ वेळा पैसे पाठवले आहेत. त्यात पैसे गेले तर चुकीच्या माणसाला गेले असं कुणी म्हणू शकणार नाही. गोठवलेलं खातं उघडणं हा पुढचा विषय, त्याला आठ-पंधरा दिवस जास्त लागले तरी मी थांबेन.

एका कामाबद्दल मात्र थांबता येणार नाही. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष निर्यातदाराने खोक्यांच्या डिझाइनसाठी १४,००० रुपये तुमच्याकडे आगाऊ जमा केले आहेत. त्यांचा माल जानेवारीत निघतो, म्हणजे खोकी डिसेंबरात छापखान्यात जायला हवीत. डिझाइन तयार आहे, पण मला ते पाठवता येत नाही, निरोपही देता येत नाही. पिंपळगाव इथून पाऊण तासावर आहे, गाडी काढून जाऊन भेटता आलं असतं. पण ग्राहकाशी प्लॅटफॉर्मबाहेर संपर्क नको हा तुमचा नियम आहे आणि तो मी आजवर मोडलेला नाही. तेव्हा एक तर ते एक काम पूर्ण करण्यापुरतं खातं उघडा, नाही तर अडचण माझ्याकडून नाही हे त्यांना तुम्ही कळवा आणि पुढचा निर्णय त्यांना घेऊ द्या. गप्प बसलेली डिझायनर म्हणून माझं नाव जाणं मला ५४ हजारांपेक्षा महाग पडेल.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात ऑनलाइन बाजारपेठही मध्यस्थ धरली जाते. २०२१ च्या मध्यस्थांसाठीच्या नियमांतील नियम ३(२) नुसार तक्रारीची पोच २४ तासांत आणि निपटारा १५ दिवसांत व्हायला हवा. आधीची तिकिटं सपोर्टकडे होती, तुमच्याकडे नव्हती, म्हणून ते दिवस मी धरत नाही. मुदत आजपासून मोजते. २७ नोव्हेंबरपर्यंत पैसे जमा व्हावेत, अथवा कोणत्या अटीचा भंग झाला आणि कोणता कागद कमी आहे हे लेखी कळवावं. तसं झालं नाही तर त्याच नियमांनुसार तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत अपील करीन आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करीन. तशी वेळ येऊ नये अशीच इच्छा आहे, कारण माझी निम्म्याहून जास्त कामं तुमच्यामार्फतच येतात.

खातं बंद असल्याने मला माझी जुनी बिलंही उतरवून घेता येत नाहीत. एप्रिलपासूनचं खाते-विवरण याच ईमेलवर पाठवावं, ही विनंती.

सोबत : विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, मास्क केलेलं आधार, पॅन दुरुस्तीची पावती, जुन्या खात्याचा रद्द केलेला चेक, तिन्ही तिकिटांची उत्तरं, शिल्लक दाखवणारा १३ ऑक्टोबरचा स्क्रीनशॉट, नणंदेचं संमतिपत्र आणि ओळखपत्र.

आपली विश्वासू,
मृणाल दत्तात्रय शिरसाठ
(मृणाल अभिजित गायधनी)