वरच्या तीन सळया

पाथर्डी फाट्याजवळच्या इमारतीचा तिसरा स्लॅब सकाळी सातला भरायचा होता. पहिली मिक्सर गाडी खाली उभी होती, पंपवाला पाईपमध्ये स्लरी सोडण्याच्या तयारीत होता, आणि आदल्या संध्याकाळी तपासणीच्या कागदावर सह्याही झाल्या होत्या. तरीही वसंतराव सवयीप्रमाणे ड्रॉइंग हातात घेऊन प्रत्येक बीमवरून एकदा चालत गेले.

मधल्या कॉलमवर ते थांबले. दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरचे गाळे असलेल्या त्या सलग बीममध्ये वर १६ मिलिमीटरच्या दोन सळया आरपार आणि कॉलमच्या दोन्ही अंगांना दीड-दीड मीटर जाणाऱ्या २० मिलिमीटरच्या तीन जादा सळया हव्या होत्या. रिंगांमध्ये आरपारच्या दोनच दिसत होत्या.

"पंप थांबवा," ते म्हणाले.

फिटरांचा मुकादम धावत आला. इलेक्ट्रिशियनचे पाईप टाकून झाल्यावर जादा सळया सरकवायच्या असे ठरले होते, पण तोवर अंधार पडला आणि गोष्ट राहून गेली. कापलेल्या सळया जिन्याखाली तशाच पडून होत्या.

कंत्राटदार वर आले तेव्हा त्यांचा आवाज चढलेलाच होता. "वसंतराव, खालचं स्टील पूर्ण आहे ना? मग एवढ्यासाठी गाडी परत पाठवायची?"

"शेठ, खालचं स्टील गाळ्याच्या मध्यासाठी आहे. बीम तिथे खाली वाकतो, म्हणून ताण खाली येतो. कॉलमवर मात्र तो वरच्या बाजूला ताणला जातो, आणि काँक्रीट ताण सोसत नाही. या सळया नसतील तर भेग वरून पडेल, नंतर फरशीखाली झाकली जाईल, आणि ती कुणाला दिसणारही नाही."

शेठ काही बोलले नाहीत. वसंतरावांनी उरलेले बीमही तपासले तेव्हा आणखी दोन कॉलमांवर हीच चूक सापडली. संध्याकाळी सही करणाऱ्यांत आपणही होतो, हे त्यांना तेव्हा फार बोचले.

गाडीच्या चलनावर काँक्रीट भरल्याची वेळ सहा वीस होती, म्हणजे ती दोन तासांत, आठ वीसच्या आत रिकामी करायला हवी होती. तीन ठिकाणी रिंगांतून पाईप बाजूला घेत सळया सरकवून बांधायला फिटरांना दीड तास तरी लागणार होता. पुढच्या गाड्या थांबवायला वसंतरावांनी प्लांटला फोन केला आणि पहिली गाडी परत पाठवली.

"हिचे पैसे कोणाच्या नावावर लिहू?" शेठ कोरडेपणाने म्हणाले.

"कालच्या कागदावर माझी सही आहे. माझ्या नावावर लिहा."

पावणेनऊला मुकादमाने हाक मारली. वसंतराव तिन्ही कॉलमांवर गुडघे टेकून बसले, टेपने प्रत्येक सळईचे दोन्ही बाजूंचे दीड मीटर मोजले, बांधणी तार ओढून पाहिली आणि मगच नवी गाडी बोलवायला सांगितले.