दुष्काळात तेरावा महिना: इंग्रजीत सांगायची कशी?

या म्हणीचं इंग्रजी आधी इथे एवढंच दिलं होतं: ‘अ थर्टीन्थ मंथ इन अ ड्राउट’. शब्द बरोबर आहेत, पण इंग्रजीत वाढलेलं मूल त्यातून काय समजेल? तिकडे तेरा आकडा अपशकुनी, म्हणजे हा महिनाच अभद्र असणार! आपल्याकडे तर तो पुरुषोत्तम मास, दानधर्माचा. म्हणून ही नोंद नव्याने लिहिली आहे.

तेरावा महिना म्हणजे अधिक मास. चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर वर्ष 365 चं. दरवर्षी अकराएक दिवसांची तफावत पडते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना धरून ती भरून काढतात. शेतकऱ्याच्या घरात वर्ष पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. कणगीतलं धान्य बारा महिन्यांच्या हिशेबानं ठेवलेलं, त्यात दुष्काळानं ते आधीच अर्धं. आणि पंचांग सांगतं की यंदा वर्ष लांबलंय. खाणारी तोंडं तेवढीच. शिवाय हा धोंड्याचा महिना: जावयाला बोलवा, पुरण घाला, 33 अनारसे द्या. रीत चुकवायची कशी आणि गूळ-तूप आणायचं कुठून? ही घरच्या बाईची घालमेल म्हणीत आहे, आणि भाषांतरात पहिली तीच गळते.

हे जुन्या काळापुरतं नाही. 2015 साली अधिक आषाढ होता आणि मराठवाडा कोरडा. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. 2023 साली अधिक श्रावण 16 ऑगस्टला संपला. तो ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला.

इंग्रजीतली जवळची म्हण म्हणून ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स’ सुचवतात. मला ती अजिबात पटत नाही. तिथे संकट म्हणजे पाऊस; आपण पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलेले! ‘आगीतून फुफाट्यात’ही वेगळं, तिथे माणूस एक जागा सोडून दुसरीकडे पडतो. इथे तो जागचा हललेलाही नाही. टंचाई तीच, तिच्यावर खर्च वाढला. दोन महिने पगार थकलाय आणि घरमालकानं भाडं वाढवलं, की तोंडून निघतं: “घ्या, दुष्काळात तेरावा महिना!” कुणाच्या मृत्यूच्या वेळी ही म्हण कुणी काढत नाही.

नातवंडांना सांगताना मूळ म्हण मराठीतच म्हणा, मग हे जोडा: ‘द रेन्स हॅव फेल्ड, द ग्रेन इज रनिंग आउट, अँड नाऊ द कॅलेंडर ॲड्स अ मंथ.’ जावयाचे अनारसे त्यानंतर सांगा. पोरं तिथेच प्रश्न विचारू लागतात.