चौकटचा राजा

गुरुवार होता, म्हणजे दुपारी वीज जाणार हे ठरलेलंच. पंखा बंद पडला तसा ओजसने मोबाईल उपडा ठेवला आणि आजीने कोनाड्यातून पत्त्यांचा कॅट काढला.

शनिवार पेठेतला हा वाडा पाडायचा की नाही, यावर बिल्डरची आणि भाडेकरूंची बोलणी चालू होती. कुमुदआजींच्या लग्नाआधीपासून ती चालू असावीत असं आता सगळ्यांना वाटू लागलं होतं. तोवर शहाबादी फरशी जागेवर होती, आणि मे महिन्यात तिच्यासारखी गार जागा नाही. ओजसचे आईबाबा हिंजवडीला ऑफिसात, म्हणून सुट्टीभर तो इथे. वय वर्षं नऊ. पहिल्या आठवड्यात दोनदा हरला, दोन्ही वेळा हातातली पानं भिरकावली. त्यातली इस्पिकची सत्ती कपाटाखाली गेली ती गेलीच. आता तिच्या जागी जोकर होता, त्यावर बॉलपेनने ‘इस्पिक ७’ लिहिलेलं.

दोघंच असले की सात-आठ. तीस पानं, प्रत्येकी पंधरा. वाटणाऱ्याने सात हात करायचे, समोरच्याने पहिली पाच पानं बघून हुकूम बोलायचा आणि आठ करायचे. कमी पडले तेवढी पानं पुढच्या डावात समोरचा ओढणार. हिशोब खडूने फरशीवर.

दुसऱ्या आठवड्यापासून ओजस जिंकू लागला.

आजी काही लबाडी करत नसत. पानं नियमानेच पडायची. ओजसने दश्शी उतरली आणि हातात राजा असला, तरी त्या अठ्ठी टाकायच्या. राजा मग दोन-तीन हातांनी ओजसच्या एक्क्याखाली मुकाट्याने जायचा. चेहऱ्यावर काही नाही. उलट कपाळावर हात मारून, ‘हा पण गेला!’ असं म्हणायच्या. एवढं नाटक मात्र करायच्या. तरुणपणी गणपतीच्या मेळ्यात काम केलेलं, ते असं उपयोगी पडत होतं.

रविवारी मुलगा आला तेव्हा दाराशी उभा राहून त्याने दोन डाव बघितले. ओजस पन्हं आणायला आत गेल्यावर म्हणाला, “आई, तू मुद्दाम सोडतेयस.”

“हळू बोल.”

“असं कसं चालेल? हरायची सवय नको का व्हायला? पुढे आयुष्यात कोण सोडणारे त्याला?”

“पुढचं पुढे. आत्ता तो हरला की उठतो. उठला की माझी पानं कोण बघणार?”

“तुझी पानं त्याने कशाला बघायची?”

आजींनी उत्तर दिलं नाही. मुलगा इंजिनियर आहे, त्याला पानशेतपासून सांगावं लागलं असतं.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा कुमुद दहा वर्षांची होती. नारायण पेठेतलं घर पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर भिंत होती, पण तिच्यामागे ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळ्यांचा मुक्काम एका शाळेच्या वर्गात. अण्णांनी कुठूनतरी पत्त्यांचा कॅट पैदा केला आणि संध्याकाळी दिवे नसताना, खिडकीच्या उजेडात, कुमुदला सात-आठ शिकवला. अण्णा रोज हरायचे. दुकान गेलेला, कर्ज डोक्यावर असलेला माणूस पोरीकडून हरायचा आणि हसायचा. कुमुदला वाटायचं, आपण फार हुशार.

खूप वर्षांनी, स्वतःच्या मुलांना पत्ते वाटताना एकदम तिच्या हातातली पानं थांबली. तीस पानं. माझ्याकडे नाही ते समोरच्याकडे. इतकं उघडं होतं सगळं. अण्णांच्या हातात काय आहे हे प्रत्येक डावाला तिला कळू शकत होतं, आणि तिने कधी वर बघितलंच नव्हतं. तोवर अण्णा जाऊन चार पावसाळे झाले होते.

म्हणून आता आजी वाट बघत होत्या ती ओजसने पकडण्याची. सुरुवातीला राजा लपवायच्या, मग राजा आणि राणी दोन्ही. चोरी रोज थोडी ढोबळ होत चालली होती.

या गुरुवारी ओजसने किलवर हुकूम बोलला. चौकटचा एक्का उतरला, आजींनी अठ्ठी दिली. ठीकच होतं. मग त्याने चौकटची दश्शी टाकली. आजींनी नश्शी टाकली.

ओजसचा हात पानांवर गेला आणि तिथेच राहिला.

त्याने स्वतःचा पंखा उघडून बघितला. चौकटची राणी होती. आणखी चौकट नव्हती. त्याचे ओठ हलत होते.

“आजी, गुलाम कुठाय?”

“कुठला?”

“चौकटचा. माझ्याकडे नाहीये. राजा पण नाहीये.” मग जरा मोठ्याने, “दोन्ही तुझ्याकडे आहेत. मग नश्शी का टाकलीस?”

“चुकले असेन.”

“नाही चुकलीस! परवा पण तू बदामचा राजा नंतर टाकलास. मला तेव्हाच वाटलं होतं.” त्याचे कान लाल झाले. “म्हणजे मी जिंकलोच नाही एकदापण?”

आजींना इतका आनंद झाला होता, की तो लपवायला त्यांना पदराने घाम पुसावा लागला.

“एकदापण नाही असं नाही.”

“मग कुठले डाव खरे?”

“ते मला काय विचारतोस? पानं तुझ्यासमोरच पडली की सगळी.”

ओजस रडेल असं वाटलं. पानं भिरकावेल असंही वाटलं. आजींनी जोकराकडे बघून ठेवलं, तो एकच उरला होता. पण तो उठला, मोरीतून ओलं फडकं आणलं आणि फरशीवरचा सगळा हिशोब पुसला. स्वतःचा आणि त्यांचाही.

“आता खरं खेळ. आईशप्पथ म्हण.”

“आईशप्पथ.”

आजींनी पिसले, त्याने काटले. पहिल्या पाच पानांवर त्याने इस्पिक बोलला, जरा घाईने. आजींनी मग काही सोडलं नाही. पहिल्या तीन हातांत त्याचे दोन हुकूम काढून घेतले, किलवरची राणी राजाने मारली, आणि अण्णांनी शिकवलेली ती शेवटची दोन पानं दाबून धरायची खोड, तीही केली. ओजसचे पाच हात झाले. करायचे होते आठ.

बराच वेळ तो खडू बोटांत फिरवत बसला. मग फरशीवर तीन रेघा ओढल्या, आजींच्या बाजूला.

पुढचा डाव त्याने वाटला. पानं लावली आणि पंखा उपडा करून आजींसमोर धरला. हनुवटी थरथरत होती, हात नाही.

“ओढ तीन.”

आजींनी एक पान ओढलं. बदामचा एक्का. त्यांनी सत्ती परत दिली. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं, आपली नकोशी दोन देऊन टाकली. ओजसने आलेली पानं बघितली, गेलेली आठवली, आजींच्या हाताकडे बघितलं, आणि मग पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे.

“तुझ्याकडे आता बदामचा एक्का आहे,” तो म्हणाला. “आणि किलवरचा राजा. मला माहितीये.”

“आणि गुलाम कुठला?”

तो विचार करू लागला.

“उतर लवकर,” आजी म्हणाल्या, “वीज येईल आता.”

“थांब ना, मोजतोय मी.”