देणगीच्या विनियोगाविषयी कृतज्ञतापत्र

आदरणीय गुरुजींस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दिवंगत पत्नींच्या स्मरणार्थ आपण आमच्या धर्मादाय दवाखान्याला ४,८०,००० रुपयांची देणगी दिलीत, त्याला आता वर्ष पूर्ण झाले. देणगीची पावती आपणांस त्याच वेळी पोहोचली होती. परंतु त्या पैशांतून रुग्णांच्या पदरात नेमके काय पडले, हे सांगितल्याशिवाय आमचे आभार पुरे होणार नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाई स्वतः मधुमेहासाठी आमच्याकडे येत असत आणि त्यांच्यासारख्या रुग्णांची देखभाल अधिक नीट व्हावी, एवढीच आपली अपेक्षा होती. त्या अपेक्षेला धरूनच खर्च केला आहे.

खर्चाचा तपशील असा आहे. बारा लीडच्या ईसीजी यंत्रासाठी ६२,००० रुपये, एचबीएवनसी तपासणीच्या लहान यंत्रासाठी १,१०,००० रुपये आणि त्याला लागणाऱ्या ४०० किटसाठी ८४,००० रुपये लागले. औषधांच्या फ्रिजसाठी इन्व्हर्टर व बॅटरी ३८,००० रुपयांना घेतली आणि रक्तदाब मोजण्याची ४ यंत्रे १४,४०० रुपयांना. अर्धवेळ परिचारिकेच्या बारा महिन्यांच्या वेतनावर, दरमहा १२,००० रुपयांप्रमाणे, १,४४,००० रुपये खर्च झाले. एकूण खर्च ४,५२,४०० रुपये झाला असून २७,६०० रुपये शिल्लक आहेत.

आमच्या वहीत मधुमेहाच्या २१४ रुग्णांची नोंद आहे. पूर्वी आम्ही त्यांची त्या दिवसाची साखर तेवढी पाहत होतो. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत पथ्य पाळले, तर ती साखर बरी दिसते आणि रुग्ण व डॉक्टर दोघांचीही फसगत होते. एचबीएवनसी ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते, त्यामुळे औषध वाढवायचे की तेवढेच ठेवायचे, हे अंदाजावर सोडावे लागत नाही. आपल्या देणगीमुळे ही तपासणी दवाखान्यातच, विनाशुल्क आणि रुग्ण समोर बसलेला असतानाच होऊ लागली. मला स्वतःला या सगळ्या खर्चातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण अहवालासाठी पुन्हा यावे लागले की पुष्कळ रुग्ण येतच नाहीत, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

वर्षभरात १७१ रुग्णांची ही तपासणी किमान एकदा झाली आणि त्यांपैकी १३८ जणांची सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा झाली. या १३८ जणांची सरासरी पहिल्या वेळी ८.६ टक्के होती, ती दुसऱ्या वेळी ८.० टक्के आली. सातच्या खाली असलेल्यांची संख्या ४१ वरून ६३ झाली. मात्र १९ जणांचा आकडा कमी होण्याऐवजी वाढला आहे, आणि ४३ जण एकदाही तपासणीला आलेले नाहीत. शिवाय जे दोनदा आले, ते मुळातच औषधपाण्याची काळजी घेणारे असण्याचा संभव अधिक. न आलेल्यांची स्थिती याहून वाईट असू शकेल. त्यामुळे ही सुधारणा सर्व रुग्णांची आहे असे मी म्हणणार नाही आणि तिचे सारे श्रेय यंत्राला देणेही योग्य होणार नाही. वेळच्या वेळी तपासणी, त्यानुसार बदललेले औषध आणि परिचारिकेने केलेला पाठपुरावा, या तिन्हींचा त्यात वाटा आहे. कोणाचा किती, हे आमच्या नोंदींवरून वेगळे काढता येत नाही.

परिचारिकाताईंच्या कामाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण यंत्र डोळ्यांना दिसते, तसे हे काम दिसत नाही. ठरलेल्या तारखेला न आलेल्या प्रत्येक रुग्णाला त्या फोन करतात. पूर्वी दर महिन्याला सुमारे एक तृतीयांश रुग्णांची तारीख चुकत असे. आता हे प्रमाण सुमारे एक पंचमांशावर आले आहे. त्यांनी १४९ रुग्णांचे पाय मोनोफिलामेंटच्या तंतूने तपासले. त्यात १७ जणांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली आढळली आणि ५ जणांना जखम असूनही दुखत नसल्यामुळे तिचा पत्ताच नव्हता. त्यांपैकी चौघांच्या जखमा भरून आल्या. एका गृहस्थांच्या पायाचे बोट मात्र मोठ्या रुग्णालयात काढावे लागले. पाय वाचला, याचे त्यांच्या घरच्यांना समाधान आहे, तरी जखम दोन महिने आधी दिसली असती तर बोटही वाचले असते, असे मला वाटत राहते.

ईसीजी यंत्रावर वर्षभरात ९७ तपासण्या झाल्या, त्यांपैकी ६४ छातीत दुखत असलेल्या रुग्णांच्या होत्या. अशा रुग्णाचा पहिला ईसीजी तो आल्यापासून दहा मिनिटांच्या आत निघाला पाहिजे. आम्हांला हे ३९ रुग्णांच्या बाबतीत साधले. उरलेल्यांपैकी बहुतेक दुपारनंतर आले होते, तेव्हा परिचारिका कामावर नसतात. एकूण ११ रुग्णांना आम्ही तातडीने पुढे पाठवले. त्यांपैकी ४ जणांना हृदयविकाराचा झटका आल्याचे तेथे निश्चित झाले. तिघे बरे होऊन घरी परतले आणि एकाचे निधन झाले. ईसीजी निर्दोष आला तरी झटक्याची शक्यता पूर्णपणे संपत नाही, म्हणून लक्षणे संशयास्पद वाटल्यास आम्ही ईसीजीवर विसंबून न राहता रुग्णाला पुढे पाठवतो.

इन्व्हर्टरविषयी थोडक्यात सांगते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि ते गोठूही द्यायचे नसते. मागील वर्षी वीज गेल्यामुळे २३ कुप्या टाकून द्याव्या लागल्या होत्या. यंदा विजेअभावी एकही वाया गेली नाही. २ कुप्या मुदत संपल्यामुळे टाकल्या.

वापरलेल्या ३५० किटपैकी ३३८ तपासण्यांसाठी उपयोगी पडले आणि १२ यंत्रातील बिघाडामुळे किंवा नमुना अपुरा पडल्यामुळे फुकट गेले. ५० किट शिल्लक आहेत.

परिचारिकेच्या वेतनासाठी आपल्या देणगीतून केलेली तरतूद या महिन्यात संपत आहे. पुढील वर्षी निम्मे वेतन दवाखान्याच्या सर्वसाधारण निधीतून देण्याचे विश्वस्तांनी मान्य केले आहे. शिल्लक २७,६०० रुपये उरलेल्या निम्म्या वेतनासाठी वापरले, तर साडेचार महिन्यांहून थोडे अधिक दिवस काम चालेल, आणि तेवढ्या अवधीत आम्ही पुढची व्यवस्था करू. देणगी आपण विशिष्ट हेतूने दिलेली असल्यामुळे आपल्या संमतीवाचून ही रक्कम वापरणे आम्हांला उचित वाटत नाही. आपली पसंती दोन ओळींत कळवावी, ही विनंती. आपणांकडून आणखी देणगीची अपेक्षा ठेवून मी हे लिहिलेले नाही, हेही मोकळेपणाने नमूद करते.

सर्व बिलांच्या प्रती व लेखापरीक्षकांनी तपासलेले खर्चाचे विवरण सोबत जोडले आहे. मूळ बिले दवाखान्यात आहेत आणि आपण याल तेव्हा ती आपल्यासमोर ठेवू. रुग्णांची नावे मात्र गोपनीयतेमुळे कोठेही दिलेली नाहीत.

आमच्या सर्व सहकाऱ्यांच्या आणि या वर्षात ज्यांची तपासणी झाली त्या रुग्णांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक आभार मानते. प्रकृतीची काळजी घ्यावी. आपल्या रक्तदाबाच्या तपासणीची तारीख जवळ आली आहे, त्या निमित्ताने अवश्य यावे.

कळावे,
आपली कृतज्ञ,
प्रमुख डॉक्टर, धर्मादाय दवाखाना

सोबत: खर्चाचे विवरण व बिलांच्या प्रती