मासिक प्रगती अहवाल, सप्टेंबर २०२५: गुऱ्हाळ प्रकल्प, निपाणी तालुका

प्रति: मा. अध्यक्ष व संचालक मंडळ
सादर करणार: प्रकल्प समन्वयक
अहवालाची कटऑफ तारीख: ३० सप्टेंबर २०२५
सादर दिनांक: ४ ऑक्टोबर २०२५

थोडक्यात स्थिती

सप्टेंबरअखेर ७२ टक्के काम व्हायला हवे होते, झाले ५५ टक्के. ऑगस्टअखेर हा फरक १४ टक्क्यांचा होता, आता तो १७ वर गेला आहे. महिन्याला १२ टक्के गाठायचे होते, ९ गाठले. पैशाचा प्रश्न आज हाताबाहेर नाही. वेळेचा आहे, आणि तो पुढच्या दोन आठवड्यांत एकाच गोष्टीवर येऊन थांबला आहे: शेडवर पत्रा चढणे.

पहिली काहील उतरण्याची मूळ तारीख १ डिसेंबर होती. सध्याचा अंदाज २६ डिसेंबर. १८ ऑक्टोबरपर्यंत पत्रा पूर्ण झाला नाही तर १० जानेवारी धरून चालावे.

नियोजन आणि प्रत्यक्ष

रक्कम लाख रुपयांत. मागच्या बैठकीत काही संचालकांनी 'झालेल्या कामाची किंमत' म्हणजे काय, असे विचारले होते. त्या कामाच्या अंदाजपत्रकी रकमेला प्रत्यक्ष झालेल्या टक्क्यांनी गुणले की ती येते. किती पैसे दिले याच्याशी तिचा संबंध नाही.

| काम | अंदाजपत्रक | नियोजित % | प्रत्यक्ष % | झालेल्या कामाची किंमत | झालेला खर्च |
|---|---|---|---|---|---|
| सपाटीकरण, पाया, जोते | २६.०० | १०० | १०० | २६.०० | ३२.१० |
| शेडचा सांगाडा व पत्रे | ४२.०० | १०० | ७० | २९.४० | २९.९० |
| चुलवाण व धुराडे | १८.०० | ८० | ३५ | ६.३० | ६.९० |
| घाणा, काहिली, पंप, इतर यंत्रे | ६२.०० | ५० | ५० | ३१.०० | ३१.०० |
| वीजजोडणी व वायरिंग | १६.०० | ५० | १५ | २.४० | २.६० |
| बोअर, टाकी, सांडपाणी | १२.०० | ६० | ३५ | ४.२० | ४.१० |
| परवाने, प्रशिक्षण, किरकोळ | ८.०० | ४० | २५ | २.०० | १.६० |
| एकूण | १८४.०० | ७२ | ५५ | १०१.३० | १०८.२० |

नियोजनाप्रमाणे आजवर १३१.८० लाखांचे काम उभे राहायला हवे होते. म्हणजे वेळापत्रकातली तफावत उणे ३०.५० लाख आणि खर्चातली उणे ६.९० लाख. निर्देशांकात सांगायचे तर वेळेचा ०.७७, खर्चाचा ०.९४.

खर्चाची तफावत कुठून आली

जवळजवळ सगळी पायातून. काळी माती १.२ मीटरपर्यंत असेल असे धरून अंदाजपत्रक केले होते, नदीकडच्या बाजूला ती २.२ मीटरपर्यंत लागली. ती सगळी उपसून मुरूम भरून, पाणी मारून, रोलर फिरवावा लागला. शिवाय २०१९ च्या महापुरात वेदगंगेचे पाणी जिथवर आले होते त्या खुणेपेक्षा जोते ०.६ मीटर वर घ्यायचा ठराव मंडळाने जुलैत केला, त्याचाही खर्च यात आहे. दोन्ही मिळून ६.१० लाख. हा खर्च पुन्हा होणार नाही.

म्हणून उरलेले काम अंदाजपत्रकी दराने होईल असे धरले तर प्रकल्प १९०.९० लाखांत पुरा होतो. राखीव ९ लाखांतून जादा ६.९० लाख भागतात आणि २.१० लाख शिल्लक राहतात. आजच्याच गतीने जादा खर्च होत राहिला असे धरले तर आकडा १९६.५३ लाखांवर जातो आणि राखीव संपवूनही साडेतीन लाख कमी पडतात. माझे मत पहिल्या आकड्याकडे झुकते. पण बँकेशी बोलताना दुसराही आकडा समोर ठेवावा. नंतर वाढीव कर्ज मागण्यापेक्षा ते बरे.

सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्के झाला. आपले सुमारे ६०० पोत्यांचे काम बाकी आहे, त्यात १८ हजारांच्या आसपास वाचतील. ठेकेदाराचा दर करासहित आहे, त्यामुळे हा फायदा आपल्याला मिळावा असे पत्र दिले आहे. रक्कम लहान आहे, त्यावरून वाद घालून काम अडवू नये.

वेळेची तफावत

सप्टेंबरच्या साइट रजिस्टरमध्ये पावसाने पूर्ण बंद असे ९ दिवस आहेत. त्याहून जास्त नुकसान पाऊस थांबल्यावर झाले. मुख्य रस्त्यापासून साइटपर्यंतचा शेवटचा तुकडा काळ्या मातीचा आहे. ट्रस घेऊन आलेली क्रेन तिथे रुतली, ती काढायला दुसरी क्रेन मागवावी लागली आणि त्यानंतर क्रेनवाल्याने रस्ता वाळेपर्यंत यायला नकार दिला. त्या तुकड्यावर आता मुरूम टाकून घेतला आहे. खरे तर तो टेंडरमध्येच असायला हवा होता.

सांगाडा उभा आहे, दहापैकी सात गाळ्यांच्या कैच्या चढल्या आहेत. पत्रा आणून ठेवला आहे, चढवलेला नाही.

चुलवाण ३५ टक्क्यांवर अडकले ते याच कारणाने. उघड्यावर बांधकाम करता येत नाही. बांधलेल्या भागावर ताडपत्री घातली होती, तरी वाऱ्याने पाणी आत गेले. २९ तारखेला गवंड्याने आतल्या भट्टीच्या विटेवर थापीची मूठ मारून दाखवली. कोरडी वीट खणखणते, या विटेचा आवाज बद्द येत होता. वरचे दोन थर उतरवून पुन्हा लावायचे ठरले. इथे घाई करून चालणार नाही: ओल्या चुलवाणात एकदम जाळ घातला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन सांधे फुटतात, आणि हंगामाच्या ऐन मध्यावर काहिली उतरवून दुरुस्ती करत बसावे लागते. म्हणून बांधकाम संपल्यावर १२ दिवस हळूहळू वाढवत नेलेला जाळ मी वेळापत्रकात वेगळा धरला आहे. मूळ वेळापत्रकात तो नव्हता.

यंत्रांचे काम ठीक चालले आहे. पैसे दिले म्हणून ५० टक्के लिहिलेले नाही. कोल्हापूरच्या कारखान्यात जाऊन पाहिले. घाण्याचे रोलर बसले आहेत, स्टेनलेसच्या चारही काहिलींचे वेल्डिंग झाले आहे, गिअरबॉक्स यायचा आहे. माल सीमेपलीकडून येणार असल्याने ई-वे बिल आणि आयजीएसटीची बिले आपल्या कर्नाटकच्या नोंदणीवरच घ्यायची, हे कारखान्याला लेखी कळवले आहे.

बोअरला पाणी लागले आहे. सांडपाण्याचा खड्डा पावसाने राहिला, मोठी गोष्ट नाही.

पुढे दिसणारे धोके

*ऊस (सगळ्यात गंभीर).* उशिराची खरी किंमत बांधकामाच्या हिशेबात दिसत नाही, ती इथे आहे. गुऱ्हाळाची क्षमता दिवसाला ३० टन. २५ दिवस उशीर म्हणजे ७५० टन ऊस, म्हणजे ८० टनांच्या आसपास गूळ. कारखान्यांचे हंगाम नोव्हेंबरात सुरू होतील. या वर्षीची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे आणि कायद्याने पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात, प्रत्यक्षात कधी मिळतात ते सभासदांना माहीत आहे. तरीही तोडणीची टोळी बांधावर येऊन उभी राहिली की आपल्यासाठी ऊस कोणी राखून ठेवणार नाही, आणि ठेवावा अशी अपेक्षाही रास्त नाही. डिसेंबरात तोडीला येणाऱ्या आडसाली उसाची यादी करून तो कारखान्याला मोकळा करावा आणि जानेवारीनंतर येणाऱ्या पूर्वहंगामी व सुरू उसाचे करार आताच करावेत, अशी शिफारस आहे.

*पत्रा आणि दिवाळी (तातडीचा).* वेल्डरची टोळी उत्तर प्रदेश-बिहारची आहे. २० ऑक्टोबरपासून दिवाळी, लगेच २५ ते २८ छठपूजा. ती मंडळी गावी गेली की नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी परतणार नाहीत. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी आणि आपल्याकडे काळा दिन, त्यामुळे त्या दिवशी काम होणार नाही हे वेगळे सांगायला नको. ठेकेदाराला १८ ऑक्टोबरच्या आत पत्रा चढवल्यास ४० हजार रुपये प्रोत्साहन द्यावे. दोन आठवडे वाचत असतील तर ते स्वस्त आहे.

*गुळव्या (नवा).* ज्या गुळव्याशी बोलणे झाले होते, त्याला शिरोळकडच्या एका गुऱ्हाळाने जास्त उचल देऊ केली आहे. तो अजून गेलेला नाही. पाक कधी उतरवायचा, ११८ अंशांवर की त्याआधी, हे थर्मामीटर सांगतो. पण त्या दिवशीचा ऊस कसा आहे, चुना किती आणि भेंडीचा रस किती, हे हातालाच कळते. आपण हायड्रोस न घालता गूळ करणार असे ठरवले आहे, त्यामुळे रंग पूर्णपणे मळी काढण्याच्या कौशल्यावर अवलंबून राहील. गंधकाची ७० पीपीएमची मर्यादा पाळायची तर कच्चा माणूस चालणार नाही.

*वीज.* ६० एचपीचा भार मंजूर आहे, पैसे ऑगस्टमध्ये भरले, खांब अजून आलेले नाहीत. १५ नोव्हेंबरपर्यंत ट्रान्सफॉर्मर बसला नाही तर भाड्याचा जनरेटर घ्यावा लागेल. भाडे महिना ४५ हजार, डिझेल वेगळे. हा खर्च राखीवमधल्या शिल्लक २.१० लाखांतूनच जाईल.

*अनुदान.* पीएमएफएमई योजनेची मुदत २०२५-२६ अखेरपर्यंत आहे. ३५ टक्क्यांप्रमाणे आपले ६४.४० लाख त्यावर अवलंबून आहेत. पहिली काहील जानेवारीत गेली तर बँकेचा शेवटचा हप्ता, प्रत्यक्ष तपासणी आणि कागदपत्रे सगळी फेब्रुवारी-मार्चमध्ये एकत्र येतील. चार्टर्ड अकाउंटंटकडून आतापर्यंतच्या खर्चाचे प्रमाणपत्र याच महिन्यात घेतो आहे, शेवटी गर्दी नको.

*जळण.* पहिल्या वर्षी आपल्याकडे वाळलेले चिपाड नसणार. ताज्या चिपाडात निम्मे पाणी असते, ते पसरून वाळवल्याशिवाय जाळ धरत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांसाठी ४० टन विकत घेऊन झाकून ठेवावे लागेल. पत्रा झाला की साठवायला जागा होईल.

परवान्यांत फक्त अन्नसुरक्षा परवाना बाकी आहे, अर्ज भरला आहे. दर्शनी फलकावर ६० टक्के जागा कन्नडला सोडून मजकूर तयार केला आहे. नंतर पुन्हा रंगवायला लागू नये.

मंडळाकडून हवे असलेले निर्णय

पत्र्यासाठी ४० हजारांचे प्रोत्साहन: हा निर्णय ६ ऑक्टोबरच्या आत हवा, फोनवरून संमती कळवली आणि पुढच्या बैठकीत ठराव केला तरी चालेल. गुळव्याला ६० हजारांपर्यंत उचल देण्याचा अधिकार अध्यक्षांना द्यावा. डिसेंबरचा ऊस मोकळा करण्याबाबत सभासदांची बैठक १२ ऑक्टोबरला रविवारी घ्यावी, त्यात ऊसवार यादी मी मांडेन.

जनरेटरचा निर्णय आज नको. १० नोव्हेंबरला खांब उभे आहेत की नाहीत ते पाहून कळवतो.

पुढचा अहवाल ४ नोव्हेंबरला. पत्र्याची स्थिती मात्र १९ ऑक्टोबरला सकाळी फोटोसह सगळ्या संचालकांना पाठवेन.